‘नाही’ आणि ‘मी’ यांच्या मधली जागा

रेडिओच्या ऑफिसात तिला सगळे सुई म्हणत. अंगाने काटकुळी म्हणून म्हणत असतील असं वाटावं, पण ती चांगली भरल्या अंगाची, गोल चेहऱ्याची बाई होती. दोन-दोन तासांच्या मुलाखतीत कुठे तरी दडलेलं एखादं वाक्य ती नेमकं टोचून बाहेर काढायची, म्हणून सुई. नाव कुणी ठेवलं ते आठवत नव्हतं. तिलाही ते आवडे. छोटं होतं, आणि ‘सु’वर तिची जीभ अडत नसे.

कारण सुई बोलताना अडखळायची. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणायचं, तर तो ‘ह’ घशातून निघेपर्यंत बाई पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या. समोर बसलेली पोरगी वर्षभर अर्धी गैरहजर. पुढे वडिलांनीच शाळेत जाऊन सांगितलं, ‘तिला हात वर करू द्या.’ वडील लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. घरात कर्णे, वायरी, माइक यांचा नुसता पसारा. बोलण्याची एवढी साधनं आणि पोरीला बोलता येईना, म्हणून आई कपाळाला हात लावायची. वडील म्हणायचे, ‘अगं, बोलणारे ढीगभर आहेत. ऐकणारं कुणी तरी हवं ना?’

ऐकण्यावरच तिचं पोट भरलं. कॉलेज संपल्यावर कॅसेटवरची भाषणं टाइप करायचं काम मिळालं. पायाखाली पेडल, कानात हेडफोन. पेडल दाबलं की आवाज पुढे, टाचेने दाबलं की मागे. त्यानंतर रेडिओत एडिटिंग. इथे तिच्या हातात लोकांचे खोकले, उसासे, ‘म्हणजे काय’, ‘तर मी काय म्हणत होतो’ असं सगळं येई आणि ती ते छाटून टाके. मोठमोठी माणसं तिच्या हाताखालून गेली की सरळ, सफाईदार बोलू लागत. तिच्या स्वतःच्या वाक्यांना मात्र कात्री लावायला कुणी नव्हतं. उलट लोक ती वाक्यं पुरी करून टाकत. तिने ‘च’ म्हटलं की समोरचा ‘चहा? हो, सांगतो’ म्हणे. तिला चष्मा हवा असे.

तिच्या नवऱ्याने मात्र आजवर तिचं एकही वाक्य पुरं केलेलं नव्हतं. बस डेपोत मेकॅनिक होता तो. बघायला आला तेव्हा त्याने विचारलं, ‘तुम्हाला काय आवडतं?’ ती एका अक्षरावर बराच वेळ अडकली. सगळे पाहुणे खाली बघू लागले. हा आपला शांतपणे संत्रं सोलत बसला. वाक्य संपल्यावर अर्धं संत्रं तिच्यापुढे केलं. लग्न तिथेच ठरलं.

एके दिवशी सकाळी निवेदक लगबगीने तिच्या खोलीत आला. चाळिशीचा, गोड आवाजाचा, मनाने चांगला माणूस. पण घाईचा. पायात चाकं असल्यासारखा. तो कागदाच्या गिरणीतल्या जुन्या अपघातावर कार्यक्रम करत होता. तीस वर्षांपूर्वी गिरणीचा बॉयलर फुटला आणि एक कामगार गेला. खरं तर त्या वेळी बॉयलरवर दुसऱ्याचीच पाळी होती. तो बॉयलरवाला पाच मिनिटांसाठी बाहेर गेला होता आणि त्याच्या जागी हा मित्र उभा राहिला होता. चौकशीत दोष झडपेचा निघाला. वाफ बाहेर सोडणारी झडप अडकली होती. बॉयलरवाला सुटला, पण तेव्हापासून तो त्या घरावरून कधी गेला नाही. मित्राची बायको समोरून आली तर रस्ता ओलांडायचा. ती बाई पुढे त्याच गिरणीत कागद निवडायला लागली, एकुलत्या मुलीला वाढवलं. निवेदकाने तिची लांबलचक मुलाखत घेतली होती. त्यानंतर चार महिन्यांनी ती वारली.

‘शेवट तिच्या आवाजावर करायचा,’ निवेदक म्हणाला आणि टाइप केलेल्या मुलाखतीचे कागद तिच्यापुढे ठेवले. प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर वेळ छापलेली होती. एका ओळीवर त्याने पिवळी रेघ मारली होती. वेळ होती एक तास सात मिनिटं. ‘मी विचारलंय, अजून मनात राग आहे का? आणि ती म्हणते, “नाही मी माफ केलं.” तीस वर्षांनीसुद्धा नाही केलं. अंगावर काटा येतो. एवढं कापून दे मूळ रेकॉर्डिंगमधून. वेळ लिहिलेलीच आहे, पाच मिनिटांचं काम.’

सुईने ओळ वाचली. पुन्हा वाचली.

‘यात स्व... स्व...’

‘स्वच्छ आहे आवाज, काळजी नको,’ असं म्हणून तो गेलाही.

तिला स्वल्पविराम म्हणायचं होतं.

तिने मूळ फाइल उघडली. पडद्यावर आवाजाच्या लाटा पसरल्या. एक तास सात मिनिटांवर जाऊन तिने ऐकलं, तर म्हातारी मुलीच्या शाळेच्या गणवेशाबद्दल सांगत होती. रागाचा पत्ता नाही. सुईने थोडं मागे-पुढे करून पाहिलं. गणवेश, छत्री, गिरणीचा भोंगा. माफीचं नाव नाही.

वेळ चुकणं तिला नवं नव्हतं. कधी टाइप करणाऱ्याकडे सुरुवात छाटलेली फाइल गेलेली असते. मग सगळ्याच वेळा सारख्या अंतराने सरकतात आणि एकदा ते अंतर कळलं की काम फत्ते. तिने पहिली ओळ तपासली. बरोबर दिलेल्या वेळी होती. म्हणजे सुरुवात छाटलेली नव्हती. शेवटची ओळ तपासली, तर ती मूळ रेकॉर्डिंगमध्ये तब्बल एकवीस मिनिटं उशिरा येत होती. म्हणजे अंतर वाढत वाढत गेलं होतं.

इथे सुईचाही अंदाज चुकला. पूर्वी एकदा दोन यंत्रांच्या वेगात फरक पडून असंच झालं होतं. तसाच प्रकार असणार असं धरून तिने एकूण लांबीचं प्रमाण काढलं, सगळ्या वेळांना त्याने गुणलं आणि हिशोबाने येणाऱ्या जागी जाऊन बसली. तिथे म्हातारी रेशनच्या दुकानदाराला शिव्या घालत होती. अर्धा दिवस असा गेला. जेवणाचा डबा तसाच उघडा ठेवून तिने खुणेच्या जागा शोधायला सुरुवात केली. कागदावर सहज ओळखू येणारं वाक्य घ्यायचं, ते मूळ आवाजात गाठायचं, दोन्ही वेळांतला फरक लिहायचा. असे दहा-बारा फरक मांडल्यावर तिच्या ध्यानात आलं की ते एकसारखे वाढतच नव्हते. पाच-पाच मिनिटं फरक जिथल्या तिथे राहायचा आणि मग एकाएकी उडी घ्यायचा. आणि प्रत्येक उडीच्या जागी मूळ रेकॉर्डिंगमध्ये एकच गोष्ट होती. म्हातारी गप्प होती.

तिने निवेदकाला बोलावून घेतलं.

‘टायपिंगला कुठली फ... फ...’

‘फाइल? हीच. म्हणजे...’ तो डोकं खाजवू लागला. ‘थांब. मूळ फाइल फार मोठी होती, जाईना. मग मी फोनवरच्या एका अ‍ॅपमधून काढून लहान केली. ते मधली शांतता काढून टाकतं. त्याने काही बिघडलं का? शांततेत काय असतं?’

सुईने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो वरमला आणि त्याने ती लहान फाइल फोनवरून तिला धाडली.

लहान फाइलमध्ये वेळा तंतोतंत जुळल्या. एक तास सात मिनिटांवर म्हातारी म्हणाली, ‘नाही मी माफ केलं.’ एका दमात, मध्ये श्वासही नाही. कानाला अर्थ सरळ होता. निवेदक म्हणाला, ‘बघ. मी म्हटलं नव्हतं?’

‘श्वास नाही,’ सुई म्हणाली. हे दोन शब्द तिच्या तोंडून सहज निघाले. ‘सत्तरीची बाई. श्वास नाही?’

लहान फाइलमधलं तिचं आधीचं वाक्य शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं होतं आणि नंतरचं पाण्याचं. ती दोन्ही टोकं तिने मूळ रेकॉर्डिंगमध्ये धरली आणि दोहोंच्या मध्ये कान लावला. आता शोधायला तीन मिनिटांचाच पट्टा उरला होता.

निवेदकाचा प्रश्न आला, ‘अजून मनात राग आहे का?’ मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. पुष्कळ वेळ. मग म्हातारीचा आवाज, ‘नाही.’ आणि दबका खोकला. लगेच न बोलता उठलेल्या निवेदकाची खुर्ची हलकेच सरकली आणि पावलं लांब गेली, सगळं इतकं बारीक की अ‍ॅपच्या लेखी शांतताच.

‘अरे,’ निवेदक हळूच म्हणाला, ‘मी तर पाणी आणायला उठून स्वयंपाकघरात गेलो होतो.’

लाट सपाट होती. दूर नळ सुटल्याची बारीक खसखस. बराच वेळ काही नाही. आणि मग एक खोल श्वास आणि, ‘मी माफ केलं.’

रिकाम्या खोलीत, समोरच्या यंत्राला उद्देशून म्हटलेलं.

‘नाही’ हे प्रश्नाचं उत्तर होतं. राग नाही. ‘मी माफ केलं’ हे तिने नंतर, स्वतःहून म्हटलं होतं. मधली जागा यंत्राने कापली आणि दोन वाक्यांचं एक झालं, अगदी उलट अर्थाचं. ध चा मा करायला एक अक्षर तरी बदलावं लागतं. इथे एक अक्षरही बदललं नव्हतं.

‘मी हे रेडिओवर लावणार होतो,’ निवेदक म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच सपक ऐकू आला. ‘तो बॉयलरवाला अजून आहे. ऐकलं असतं त्याने.’

सुईचं लक्ष पडद्याकडे होतं. ‘माफ केलं’च्या पुढेही लाट सपाट होती, पण अगदीच सपाट नाही. केसाएवढी थरथर दिसत होती. तिने तेवढ्या भागाचा आवाज चढवला. खरखर वाढली आणि खरखरीच्या तळाशी म्हातारी बोलत होती. खुर्चीत मागे टेकून, पुटपुटल्यासारखी. अ‍ॅपला ती शांतताच वाटली होती, म्हणून तेही कापलं गेलं होतं. कागदावर त्याचा मागमूस नव्हता.

‘सांगायचं तेवढं राहिलं,’ म्हातारी म्हणत होती. ‘तो थांबेल तर सांगू ना. दिसला की पळतो.’ थोडा वेळ गेला. मग, ‘लाल दिवा लागलाय. म्हणजे चालू असेल हे.’

त्यानंतर पावलं, पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आणि पाण्याचं वाक्य.

म्हातारीच्या लेकीला विचारल्याशिवाय हे लावायचं नाही, असं सुईने ठरवलं. निवेदकालाही ते पटलं. लेक गाडी चालवायला शिकवायची. चाळिशीची, उन्हाने रापलेली, समोरच्याला ‘ब्रेक’ म्हणून ओरडायची सवय असल्यामुळे साधं बोलणंही खणखणीत. दुसऱ्या दिवशी ती आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, ‘त्या माणसाच्या बाजूचं काही असेल तर मला ऐकवू नका.’

‘तुमच्या आईचं आहे,’ निवेदक म्हणाला.

‘आई कधी त्याचं नाव काढत नव्हती. माझ्या लग्नाला त्याने दुसऱ्याच्या हाती आहेर पाठवला, तो मी परत पाठवला. आई काही बोलली नाही. मग? न बोलणं म्हणजे काय असतं? मनात राग असल्याशिवाय माणूस असं गप्प राहतं का?’

निवेदक उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुईने हात वर केला. लहानपणी हजेरीला करायची तसा.

‘म... म...’

निवेदकाच्या ओठांवर शब्द आला होता, दिसत होता. त्याने तो गिळला.

‘मला,’ सुई म्हणाली, ‘बोलायला वेळ लागतो. लोकांना वाटतं, म... मला काही म्हणायचं नाही. तसं नसतं. तुम्ही आधी ऐका. मधलं काही कापलेलं नाही.’

तिने हेडफोन लेकीच्या कानांवर ठेवले आणि प्रश्नापासून सुरू केलं. पहिली लांब शांतता आली तशी लेक म्हणाली, ‘बंद पडलं.’

सुईने मानेने नाही म्हटलं.

मग लेक ऐकत राहिली. घड्याळ आपल्या घरचं आहे हे तिला कळलं असावं, कारण ती खुर्चीत सरसावून बसली. ‘मी माफ केलं’ला तिचा चेहरा हलला नाही. पुटपुटणं सुरू झालं तसे तिने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. संपल्यावर म्हणाली, ‘परत.’ मग पुन्हा, ‘परत.’ तिसऱ्या वेळी ती ‘दिसला की पळतो’ला एकदम हसली आणि हसता हसताच डोळे पुसू लागली.

‘अशीच बोलायची ती,’ लेक म्हणाली. ‘आता ती माफ करून मोकळी झाली. मी काय करू? मी तिच्यासाठीच तर राग धरला होता.’

सुईने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. पाणी पिऊन लेक म्हणाली, ‘तिला चालू आहे हे माहीत होतं. म्हणजे लोकांनी ऐकावं असं तिला वाटत होतं. लावा तुम्ही. पण त्या माणसाला रेडिओवर अचानक नको. म्हातारा झालाय. आधी घरी जाऊन ऐकवा.’ आणि पर्स उचलत पुढे म्हणाली, ‘घर मला माहीत आहे. सोडते मी तुम्हाला. आत येणार नाही.’

अशी ती वरात निघाली. शिकवायच्या गाडीत, छपरावर पाटी, शेजारच्या सीटलाही ब्रेक. निवेदक त्या सीटवर बसला आणि प्रत्येक वळणाला नको तिथे पाय दाबत राहिला. लेकीने दोनदा दटावलं, तेव्हा तो पाय वर घेऊन मांडी घालून बसला. सुई मागे, मांडीवर स्पीकर धरून.

बॉयलरवाल्याचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. सुनेने दार उघडलं. तो खिडकीशी बसून पंख्याची मोटर दुरुस्त करत होता. निवेदकाने कुणाचा आवाज आहे ते सांगितलं, तेव्हा त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि हात लुंगीला पुसले, जणू ती बाईच दारात आली होती.

कानाने मंद झालेल्या त्याला प्रश्न नीट ऐकू आला नव्हता, नुसतं ‘नाही’ ऐकल्यावर माफी नाही असं धरून तो जागचा उठलाच. ‘कळलं,’ म्हणाला. ‘बंद करा. ठाऊक होतं मला.’

सुईला घाईने सांगायचं होतं आणि घाई झाली की जीभ जास्तच अडायची. ‘थ... थ...’ ती एवढ्यावरच राहिली. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. निवेदक गप्प राहिला. स्पीकरमधलं घड्याळ चालूच होतं आणि ते सगळे तसेच उभे असताना ‘थांबा’ हा शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला. त्याच्या पाठोपाठ म्हातारीचा श्वास आला आणि म्हातारीचं वाक्य.

तो हळूहळू खाली बसला. पुढचं पुटपुटणं सुईने आवाज वाढवून ठेवलं होतं, तरी त्याला नीट ऐकू येईना. सुनेने त्याच्या कानाशी वाकून शब्द न् शब्द सांगितला. ‘म्हणतायत, तो थांबेल तर सांगू ना. दिसला की पळतो.’

‘पळायचोच,’ तो म्हणाला. ‘एकदा तर गटारात पडलो.’ मग पंख्याच्या मोटरकडे बघत, ‘तिचा नवरा मला म्हणाला होता, जा रे, मी बघतो. सिगारेट ओढायला गेलो होतो मी. हे तिला सांगायचं होतं. मीही नाही सांगितलं.’

‘त्यांची लेक बाहेर गाडीत आहे,’ निवेदक म्हणाला.

म्हातारा सदरा घालून बाहेर आला, तेव्हा लेक स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसली होती. तो काचेपाशी उभा राहिला. काच वाजवली नाही, वाकूनही पाहिलं नाही. नुसता उभा. सुई आणि निवेदक दाराशीच थांबले. निवेदक कुजबुजला, ‘काही तरी बोलायला हवं का आपण?’ सुईने त्याची बाही धरून ठेवली.

बऱ्याच वेळाने काच खाली गेली. दोघं काय बोलली ते दारापर्यंत ऐकू आलं नाही. बोलणं फारसं नव्हतंच. मग लेकीने हात लांब करून शेजारचं दार उघडलं आणि तिचा खणखणीत आवाज आला, ‘पाय त्या ब्रेकवर ठेवू नका.’

गाडी त्याला घेऊन गेली. निवेदक आणि सुई बसने परत आले.

कार्यक्रम लागायच्या आधी वरच्या साहेबांनी एकच हरकत घेतली. एवढा वेळ हवेत काहीच नाही, ऐकणाऱ्याला वाटेल स्टेशन बंद पडलं. मधला भाग छाटा. निवेदक त्यांच्या खोलीत जाऊन भांडला आणि शेवटी तडजोड झाली. शांतता राहिली, फक्त ऐकणाऱ्याला ती खोली आहे हे कळावं म्हणून सुईने घड्याळाची टिकटिक किंचित चढवली. पुटपुटण्यातली खरखर जेवढी निघेल तेवढी तिने काढली. शब्द कळत होते.

कार्यक्रम लागला त्या रात्री घरी तिने नवऱ्याला हे सगळं सांगितलं. सांगायला जेवण संपून भांडी घासून होईपर्यंत वेळ लागला. तो पुसलेली ताटं मांडणीवर लावत ऐकत होता.

निवेदकाची घाई काही गेली नाही. अजूनही तो तिची वाक्यं पुरी करतो. पण मध्येच त्याच्या लक्षात येतं, मग तो तोंडावर हात ठेवून उभा राहतो. परवा ती ‘च’ म्हणाली आणि तो तसाच थांबला. या वेळी तिला खरोखरच चहा हवा होता.